खोळंब्याची बातमी आणि प्रवाशाचा हक्क

रेल्वे किंवा विमानसेवा विस्कळीत झाली की दरड कुठे कोसळली, किती गाड्या अडकल्या, प्रवाशांचे कसे हाल झाले, हे बातमीत सविस्तर येते. फलाटावर बॅगेवर बसलेल्या प्रवाशाला त्यातले फारसे काही उपयोगी पडत नाही. हाल त्याला ठाऊकच असतात. त्याला कळायला हवे असते ते असे, की आपली गाडी नेमकी कोणत्या स्थितीत आहे, त्या स्थितीत आपल्याला काय मिळू शकते आणि ते मिळवण्यासाठी किती वाजेपर्यंत काय करायचे. या प्रश्नांची उत्तरे भारतात बऱ्यापैकी स्पष्ट नियमांत लिहिलेली आहेत. तरी ती बातमीत क्वचित येतात, आणि आली तरी बहुधा एकाच ओळीत: ‘प्रवाशांना तिकिटाचे पैसे परत मिळतील.’ ही ओळ अर्धवट असते, आणि अर्धवटपणाचा भुर्दंड वाचकाला पडतो.

रेल्वेच्या बाबतीत सगळे गणित एका शब्दावर उभे असते. गाडी ‘रद्द’ आहे, ‘उशिराने’ आहे, ‘वळवलेली’ आहे की ‘मध्येच संपवलेली’ आहे, यावर परताव्याचा नियम, त्याची मुदत आणि तो मागण्याची पद्धत ठरते. रेल्वे प्रवासी (तिकीट रद्द करणे आणि भाडे परतावा) नियम, २०१५ हा त्याचा मुख्य आधार. हे नियम १२ नोव्हेंबर २०१५ पासून लागू झाले. बातमीत हे चारही प्रकार ‘वाहतूक ठप्प’ या दोन शब्दांत गुंडाळले, तर वाचकाला आपण कुठल्या नियमात बसतो हे समजायला वाव राहत नाही.

गाडी पूर्ण रद्द झाली असेल तर इंटरनेटवर काढलेल्या तिकिटाचे भाडे आपोआप, ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परत येते. प्रवाशाने काहीही करायचे नसते. सुविधा शुल्क मात्र त्यात धरले जात नाही. नेमके इथेच लोक घाई करतात. गाडी जाणार नाही असे दिसताच मोबाइलवर स्वतःच तिकीट रद्द करतात. रेल्वेने गाडी अधिकृतपणे रद्द करण्याआधी हे केले तर ते प्रवाशाने आपणहून केलेले रद्दीकरण ठरते आणि त्याचे शुल्क कापले जाते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत सगळ्या गाड्या बंद झाल्या तेव्हा आयआरसीटीसीला यासाठीच सांगावे लागले, की ई-तिकिटे स्वतः रद्द करू नका, पूर्ण पैसे आपोआप येतील. खोळंब्याच्या बातमीत ‘काय करा’ याइतकेच ‘काय करू नका’ हे सांगणे आवश्यक आहे, ते यामुळे. खिडकीवर काढलेल्या तिकिटाचे पैसे आपोआप येत नाहीत. ते गाडीच्या नियोजित सुटण्याच्या वेळेपासून ७२ तासांच्या आत आरक्षण केंद्रावर नेऊन द्यावे लागते.

गाडी उशिराने असेल तर मर्यादा तीन तासांची आहे. प्रवासी जिथून बसणार त्या स्थानकावर गाडी तीन तासांहून अधिक उशिराने येणार असेल आणि त्याने प्रवास न करण्याचे ठरवले, तर पूर्ण भाडे परत मिळू शकते. पक्के, आरएसी आणि प्रतीक्षा यादीतले, सगळ्या तिकिटांना हे लागू आहे. अट एकच, पण महत्त्वाची: गाडी त्या स्थानकावरून प्रत्यक्षात सुटण्यापूर्वी ई-तिकिटासाठी टीडीआर दाखल झालेला हवा आणि खिडकीचे तिकीट परत दिलेले हवे. टीडीआर म्हणजे परताव्याचा ऑनलाइन दावा. तो आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर `My Transactions` मधल्या `File TDR` या पर्यायातून करता येतो. पाच तास ताटकळून, कंटाळून, शेवटी एसटीने घरी जाऊन दुसऱ्या दिवशी निवांत टीडीआर भरणाऱ्याचा हक्क गाडी सुटली त्या क्षणी संपलेला असतो. बातमीत ‘तीन तासांहून उशीर झाल्यास पूर्ण परतावा’ एवढेच छापले आणि ‘गाडी सुटण्यापूर्वी’ हे शब्द जागेअभावी गाळले, तर ती माहिती न दिल्यापेक्षा वाईट ठरते. वाचक निर्धास्त होतो आणि मुदत हुकवतो.

तत्काळ तिकिटाबद्दलचा गैरसमज याच्याशी जोडलेला आहे. पक्के तत्काळ तिकीट आपणहून रद्द केले तर काहीच परत मिळत नाही, हे सगळ्यांना माहीत असते. त्यामुळे गाडी लांबली तरी तत्काळवाले दावाच करत नाहीत. प्रत्यक्षात गाडी तीन तासांहून अधिक उशिराने असेल किंवा मार्ग बदलल्याने प्रवासी जाऊ इच्छित नसेल, तर तत्काळ तिकिटाचेही भाडे परत मिळते. त्यात एक बारकावा आहे. तीन तासांचा उशीर तिकिटावरच्या प्रवासाच्या मूळ स्थानकावर मोजला जातो. बसण्याचे स्थानक नंतर बदलून घेतले असेल तर त्या बदललेल्या स्थानकावरचा उशीर इथे धरत नाहीत.

आता एक प्रत्यक्ष प्रसंग घेता येईल. १४ जुलै २०२४ रोजी, रविवारी संध्याकाळी, कोकण रेल्वेवर रत्नागिरी जिल्ह्यात खेडजवळ विन्हेरे आणि दिवाणखवटी या स्थानकांदरम्यान बोगद्याच्या तोंडाशी दरड आली. पाऊस सुरूच असल्याने ढिगारा काढायला वेळ लागला आणि मार्ग सुमारे चोवीस तास बंद राहिला. काही गाड्या वाटेतच थांबवल्या गेल्या, काही रद्द झाल्या, काही मडगाव, लोंढा, मिरज, पुणे अशा वळशाने नेल्या गेल्या, आणि अडकलेल्यांसाठी एसटी गाड्यांची सोय करण्यात आली. म्हणजे एकाच दरडीमुळे एकाच संध्याकाळी नियमांतले जवळजवळ सगळे प्रकार एकत्र आले. त्या रात्री वाचकाला उपयोगी पडेल अशी बातमी कशी लिहिता आली असती, हे तीन काल्पनिक प्रवासी धरून पाहता येते.

पहिला प्रवासी कणकवलीहून ठाण्याला निघालेला आहे आणि त्याची गाडी चिपळूणला थांबवली आहे. त्याचा प्रवास मध्येच तुटला. अपघात, दरड किंवा पूर यामुळे असे झाल्यावर नियम विचारतो तो प्रश्न हा, की रेल्वेने पुढे पोहोचवण्याची सोय केली का. रेल्वेला ती करता आली नाही तर सबंध प्रवासाचे, म्हणजे कणकवली ते ठाणे, पूर्ण भाडे परत मिळते. चिपळूणपर्यंतचा प्रवास झाला असला तरीही. रेल्वेने एसटी दिली आणि प्रवासी तिने ठाण्याला पोहोचला, तर परतावा नाही. एसटी दिली, पण त्याने ती नाकारली आणि चिपळूणला नातेवाइकांकडे मुक्काम केला, तर कणकवली ते चिपळूणचे भाडे ठेवून घेऊन उरलेले परत मिळते. ‘प्रवाशांसाठी एसटीच्या जादा गाड्यांची सोय’ हे वाक्य बातमीत सहसा दिलासा म्हणून येते. प्रवाशाच्या दृष्टीने ते त्याच्या पैशांचा निकाल लावणारे वाक्य आहे. म्हणून बातमीदाराने ते तपासून घ्यायला हवे. या गाड्या रेल्वेने तिकीटधारकांसाठी ठरवल्या आहेत, की एसटीने आपल्या नेहमीच्या भाड्याने जादा सोडल्या आहेत? त्या कोणत्या स्थानकाबाहेरून, कुठपर्यंत जाणार आहेत? पनवेलपर्यंतच जाणाऱ्या गाडीने ठाण्याच्या प्रवाशाचा प्रवास पुरा होत नाही, आणि हा फरक स्थानक व्यवस्थापकाला विचारल्याशिवाय कळत नाही.

दुसरी प्रवासी ठाण्याहून रत्नागिरीला निघणार आहे. तिची रात्रीची गाडी रद्द नाही. ती पुणे, मिरज, लोंढामार्गे मडगावला जाणार आहे. वेबसाइटवर गाडी ‘चालू’ दिसते, पण रत्नागिरीला ती जाणारच नाही. तिला पूर्ण भाडे परत मिळू शकते. मात्र गाडी रद्द झालेली नसल्याने पैसे आपोआप येत नाहीत, टीडीआर भरावा लागतो. वळवलेल्या गाडीसाठी ही मुदत तीन तासांच्या नियमाइतकी कडक नाही: गाडी वळवल्यामुळे प्रवासच केला नसेल तर नियोजित सुटण्याच्या वेळेपासून ७२ तास, आणि प्रवास मध्येच तुटला असेल तर उतरण्याच्या ठिकाणी पोहोचण्याच्या नियोजित वेळेपासून ७२ तास. याच गाडीने मडगावला जाणाऱ्याला मात्र ठरवावे लागते. वळसा घेऊन तो उशिराने पोहोचू शकतो, किंवा या मार्गाने जायचे नाही म्हणून प्रवास न करता पैसे मागू शकतो. दोघांचीही गाडी एकच, नियम एकच, सल्ला वेगळा.

तिसऱ्याचा घोळ तारखेचा आहे. रेल्वेच्या प्रसिद्धिपत्रकात रद्द गाडीपुढे जी तारीख असते ती गाडी आपल्या मूळ स्थानकावरून निघण्याची असते. तिरुवनंतपुरमहून सकाळी निघणारी नेत्रावती एक्सप्रेस रत्नागिरीला दुसऱ्या दिवशी पोहोचते. ‘१४ तारखेची नेत्रावती रद्द’ याचा रत्नागिरीत बसणाऱ्यासाठी अर्थ ‘१५ तारखेची गाडी नाही’ असा होतो. १४ ला येणारी गाडी तर आदल्या दिवशीच निघालेली असते. पत्रकातली यादी जशीच्या तशी छापली की रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडीचे वाचक हमखास एक दिवस चुकतात. उपसंपादकाने यादीच्या डोक्यावर ‘तारीख मूळ स्थानकावरून सुटण्याची’ एवढे चार शब्द घातले, किंवा स्थानिक आवृत्तीसाठी तारखा बदलून घेतल्या, तर हा गोंधळ टळतो. याच पत्रकांत ‘शॉर्ट टर्मिनेटेड’ आणि ‘शॉर्ट ओरिजिनेटेड’ असे शब्द येतात. पहिला म्हणजे गाडी अमुक स्थानकापर्यंतच, दुसरा म्हणजे परतीची गाडी तिथूनच सुटणार. मराठीत दोन्ही ‘अंशतः रद्द’ म्हणून छापले जातात आणि नेमका कोणता भाग रद्द हे गायब होते. ‘रत्नागिरी ते मुंबई धावणार नाही’ असे साधे लिहिले तर कोणाला विचारायची वेळ येत नाही.

कोकण रेल्वेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पावसाळ्यात तिथे वेगळे वेळापत्रक असते. वेग कमी ठेवल्याने गाड्या मुळातच जास्त वेळ घेतात. तीन तासांचा उशीर या पावसाळी वेळेपासून मोजायचा, एरवीच्या वेळेपासून नव्हे.

दोन गाड्या बदलून जाणाऱ्यांसाठी १ एप्रिल २०१९ पासून एक सवलत आहे आणि ती फारशा लोकांना ठाऊक नाही. दोन्ही तिकिटांचे पीएनआर एकमेकांना जोडलेले असतील आणि पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर दुसऱ्या तिकिटाचे भाडे रद्दीकरण शुल्क न कापता परत मिळते. खिडकीच्या तिकिटासाठी पहिली गाडी प्रत्यक्ष पोहोचल्यापासून तीन तासांची मुदत आहे. पीएनआर जोडलेले नसतील तर दुसरी गाडी चुकणे ही प्रवाशाची स्वतःची जबाबदारी धरली जाते. खोळंबा झाल्यावर हे वाचून उपयोग थोडा. तरी पुढच्या गाडीच्या तिकिटावर जोडणीचा उल्लेख आहे का, हे तपासायला सांगण्यापुरती ही माहिती बातमीत असावी.

टीडीआर हा दावा असतो, मंजुरी नव्हे, हेही स्पष्ट लिहायला हवे. आयआरसीटीसी तो संबंधित रेल्वेकडे पाठवते, तिथे गाडीची नोंद आणि प्रवाशाने प्रवास केला की नाही हे तपासून निर्णय होतो, आणि त्याला दोन महिने किंवा अधिक लागू शकतात. म्हणून ‘पैसे परत मिळणार’ याऐवजी ‘परताव्यासाठी दावा करता येईल’ हे अधिक खरे. तिकीट तपासनिसाने प्रवास केल्याची नोंद चुकीने केली असेल तर दावा फेटाळला जातो. त्यासाठी फलाटावरच्या फलकाचा वेळेसह काढलेला फोटो, गाडी अडकल्याचा संदेश आणि एसटीने गेलो असल्यास तिचे तिकीट जपून ठेवलेले बरे.

विमानाच्या बाबतीत कळीचा प्रश्न बदलतो. रेल्वेत ‘गाडीची स्थिती काय’ हे आधी विचारायचे असते. विमानात त्याच्या जोडीला ‘कारण काय’ हेही तितक्याच काटेकोरपणे विचारावे लागते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, प्रवासी सुविधांविषयीच्या नियमावलीत (विभाग ३, मालिका एम, भाग ४) परतावा, सोयी आणि नुकसानभरपाई या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बातम्यांत त्या नेहमी एकमेकींत मिसळतात.

उड्डाण रद्द झाले तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा हा प्रवाशाचा हक्क आहे, कारण काहीही असो. परताव्याऐवजी पुढच्या प्रवासासाठी रक्कम कंपनीकडेच ठेवायची की नाही, हे प्रवाशाने ठरवायचे असते. कंपनीला ते परस्पर करता येत नाही. नुकसानभरपाईचा प्रश्न त्यानंतरचा. रद्द झाल्याची सूचना वेळेत दिली नसेल आणि प्रवाशाने पर्यायी विमान न घेता परतावा घेतला असेल, तर परताव्याच्या वर भरपाई देय होते. दोन्ही एकदम मिळत नाही: पर्यायी विमान, किंवा परतावा अधिक भरपाई. उड्डाणाचा नियोजित वेळ तासाभरापर्यंत असेल तर ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्याहून अधिक असेल तर १०,००० रुपये. मात्र ही कमाल मर्यादा आहे. हा आकडा आणि एकेरी मूळ भाडे अधिक इंधन शुल्क यांतली जी रक्कम कमी असेल ती द्यायची असते. पुणे–दिल्ली उड्डाण दोन तासांहून थोडे अधिक असते. त्याचे मूळ भाडे आणि इंधन शुल्क मिळून ४,२०० रुपये होत असतील, तर भरपाई ४,२०० रुपये, दहा हजार नव्हे. ‘विमान रद्द झाल्यास १० हजार’ असा मथळा अनेकदा दिसतो आणि विमानतळावरच्या काउंटरवर निष्कारण भांडणे लावून देतो.

आणि मग कारण. राजकीय अस्थिरता, नैसर्गिक आपत्ती, संप, सुरक्षेचा धोका, हवाई वाहतूक नियंत्रण, खराब हवामान अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या परिस्थितीत भरपाई देय नसते. म्हणून दिल्लीतल्या धुक्यामुळे रद्द झालेल्या मुंबईच्या विमानाचा प्रवासी परतावा मागू शकतो, भरपाई नाही. कंपनीच्या संदेशात ‘ऑपरेशनल कारणांमुळे’ हे शब्द असतात तेव्हा बातमीदाराने तिथे थांबायचे नसते. हवामान होते का, त्याच वेळी त्याच मार्गावरची इतर कंपन्यांची विमाने गेली का, विमान मुळात मागच्या शहरातून उशिरा आले का, हे विमानतळाच्या आगमन-निर्गमन फलकावरून बऱ्याच अंशी कळते. याच धावपट्टीवरून इतर चार विमाने गेली आणि हेच राहिले, तर ‘हवामान’ या कारणावर प्रश्न विचारायला जागा आहे.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणे देशभर मोठ्या संख्येने रद्द झाली तेव्हा हा फरक स्पष्ट दिसला. वैमानिकांच्या कामाच्या व विश्रांतीच्या तासांचे नवे नियम लागू झाले होते आणि त्यानुसार मनुष्यबळाचे नियोजन पुरे पडले नव्हते. नियम अचानक आलेले नव्हते, त्यामुळे ही हाताबाहेरची परिस्थिती म्हणणे कठीण होते. सरकारने प्रलंबित परतावे ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत द्यायला सांगितले आणि इतर कंपन्यांची भाडी भडकू नयेत म्हणून अंतरानुसार कमाल भाडे ठरवून दिले: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० किलोमीटरपर्यंत १२,०००. त्या दिवसांत विमानतळावर अडकलेल्याला या दुसऱ्या आदेशाचा उपयोग पहिल्याइतकाच होता. मुंबई–गोवा किंवा मुंबई–नागपूरचे पर्यायी तिकीट शोधताना अवाच्या सव्वा भाडे दिसले, तर त्याची तक्रार कशाच्या आधारे करायची हे त्यातून कळत होते. असे आदेश तात्पुरते असतात. ते उठल्यावर बातमीतून काढले नाहीत तर वर्षभराने कोणीतरी तेच कात्रण फिरवतो.

उशीर झालेल्या विमानाचे नियम वेगळे आहेत आणि त्यात रोख भरपाई नाही; आहे ते खाणेपिणे, पर्याय आणि मुक्काम. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की अल्पोपाहार किंवा जेवण देय होते. लांबच्या उड्डाणांना ही मर्यादा तीन किंवा चार तासांची आहे. देशांतर्गत विमान सहा तासांहून अधिक लांबणार असेल तर सहा तासांच्या आतले पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. चोवीस तासांहून अधिक उशीर असेल, किंवा रात्री आठ ते पहाटे तीन या वेळात सुटणारे विमान सहा तासांहून अधिक लांबले असेल, तर हॉटेल आणि तिथवरची ने-आण कंपनीने करायची असते. रात्री साडेआठचे नागपूरचे विमान पहाटे साडेतीनला जाणार म्हटल्यावर मुंबई विमानतळावर खुर्चीत झोपलेल्या प्रवाशाला हे माहीत असते तर त्याने काउंटरवर जाऊन हॉटेल मागितले असते. हाताबाहेरच्या कारणांची सवलत कंपन्या या सोयींच्या बाबतीतही पुढे करतात. म्हणून कारण लेखी मागा, संदेशाचा स्क्रीनशॉट ठेवा, हा सल्ला आधी द्यायचा.

बातमीत हा मजकूर कुठे आणि कधी जावा, यातही विचार लागतो. दुर्घटना गंभीर असेल तर परताव्याची भाषा पहिल्या तासात शोभत नाही आणि उपयोगीही नसते. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर–वांगणीदरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली, हजाराहून अधिक प्रवासी आत होते. तेव्हा रेल्वेचा पहिला संदेश होता: गाडीतून उतरू नका, गाडी सुरक्षित आहे. त्या घडीला हीच पुढची पायरी होती, आणि बातमीत तीच सगळ्यात वर हवी. दुपारी सगळे सुखरूप बाहेर आल्यावर कोल्हापूरला जाणारी विशेष गाडी कल्याणहून कधी सुटते, हा प्रश्न आला. पैशांचा प्रश्न त्यानंतर. छापील वर्तमानपत्राला मात्र हा क्रम उलटा पडतो. सकाळचा अंक हातात येतो तेव्हा आदल्या रात्रीचे प्रवासी बहुतेक घरी पोहोचलेले असतात, पण त्यांची ७२ तासांची मुदत चालू असते. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या अंकात परताव्याची चौकट वाया जात नाही. उलट ती तेव्हाच सर्वाधिक वाचली जाते. रेडिओ, वाहिन्या आणि मोबाइलवरच्या बातमीत मात्र प्रत्येक अद्ययावत मजकुरापाशी वेळ हवी: ‘सायंकाळी ६.४० पर्यंतची माहिती’. दोन तासांपूर्वीची यादी नवी म्हणून फिरली की लोक निष्कारण स्थानकावर जातात किंवा मिळणारी गाडी चुकवतात.

दूरध्वनी क्रमांकांबाबत सगळ्यात जास्त काळजी लागते. रेल्वेसाठी १३९, ग्राहक हेल्पलाइनसाठी १९१५, विमानासाठी एअरसेवा हे पोर्टल, एवढे बहुतेक वेळा पुरते. एखाद्या स्थानकाचा तात्पुरता मदत क्रमांक छापायचा असेल तर तो आधी स्वतः लावून पाहावा. कंपनीचा ‘कस्टमर केअर’ क्रमांक शोधयंत्रावरून घेऊन छापणे धोक्याचे, कारण तिथे भामट्यांचे बनावट क्रमांक पेरलेले असतात आणि परताव्याची वाट पाहणारा प्रवासी ओटीपी सांगायला चटकन तयार होतो. परताव्यासाठी कोणीही ओटीपी किंवा कार्डाचा पिन मागत नाही, ही ओळ त्या क्रमांकांच्या शेजारीच हवी.

नियमांतून जे मिळत नाही त्यासाठी ग्राहक आयोग उरतो. रेल्वेच्या नियमांत उशिराबद्दल वेगळी भरपाई नाही, त्यामुळे ‘गाडी चार तास लेट, विमान चुकले’ अशा तक्रारीला स्थानकावर उत्तर नसते. मात्र २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अजमेर–जम्मू गाडीच्या अशाच प्रकरणात प्रवाशाला मिळालेली भरपाई कायम ठेवली. गाडी चार तास उशिरा पोहोचल्याने त्या कुटुंबाचे जम्मूहून श्रीनगरचे विमान चुकले होते आणि टॅक्सीने जावे लागले होते. उशिराचे कारण आपल्या हाताबाहेरचे होते हे रेल्वेने सिद्ध करायला हवे, ते तिने केले नाही, असे न्यायालयाने म्हटले. याचा अर्थ प्रत्येक उशिराला भरपाई असा नाही. दिवाणखवटीच्या दरडीसारख्या प्रसंगात रेल्वेला हे कारण दाखवणे सोपे आहे. सिग्नल बिघडला, इंजिन मिळाले नाही, अशा वेळी अवघड. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार घटनेपासून दोन वर्षांत करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही, आणि ती ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे. तक्रारीसोबत लागतात ती तिकिटे, गाडी किंवा विमान प्रत्यक्षात किती वाजता पोहोचले याचा पुरावा, चुकलेल्या पुढच्या प्रवासाचे तिकीट आणि पर्यायी प्रवासाच्या खर्चाच्या पावत्या.